‘असावा’ आणि ‘असेल’: लेखकाचा दृष्टिकोन विचारणाऱ्या प्रश्नांची पार्श्वभूमी

नाशिकच्या अभ्यासिकांमध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा सीसॅट, म्हणजे आकलन आणि तर्काचा पेपर, सोडवणारी मुलं एका प्रश्नावर हमखास अडतात: ‘या विषयाकडे पाहण्याचा लेखकाचा दृष्टिकोन कोणता?’ उताऱ्यातली माहिती त्यांना नीट कळलेली असते. चारपैकी दोन पर्याय मात्र सारखेच बरोबर वाटतात. हा प्रश्न नेमका काय विचारतो हे समजायला तो आला कुठून, ते पाहावं लागतं.

केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचं नाव काढून कविता वाचायला देत आणि त्यांच्याकडून लेखी प्रतिक्रिया घेत. त्यावर आधारलेलं त्यांचं पुस्तक 1929 मध्ये आलं. त्यात त्यांनी अर्थाचे चार भाग केले: आशय, भावना, सूर आणि हेतू. भावना म्हणजे लेखकाला विषयाबद्दल काय वाटतं, आणि सूर म्हणजे तो वाचकाशी कसा बोलतो. आपल्या प्रश्नपत्रिकांत ही दोन्ही ‘दृष्टिकोन’ या एकाच शब्दात मिसळतात, आणि माझ्या मते अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

दुसरा धागा भाषाशास्त्राचा. जॉर्ज लेकॉफ यांनी 1972 मध्ये विधानाची धार कमी-जास्त करणाऱ्या शब्दांना ‘हेज’ म्हटलं. हेज म्हणजे कुंपण. चिमणीसारख्या पक्ष्याला ‘एक प्रकारे पक्षी’ म्हटलं तर विचित्र वाटतं, कोंबडीला म्हटलं तर चालून जातं, अशा धर्तीची त्यांची उदाहरणं होती. पुढे इंग्रजीच्या परीक्षांनी लेखकाचं मत वेगळं तपासायला घेतलं. 1989 मध्ये सुरू झालेल्या आयईएल्टीएसमध्ये वस्तुस्थितीसाठी ‘ट्रू-फॉल्स’ आणि लेखकाच्या मतासाठी ‘येस-नो’ असे दोन निराळे प्रश्नप्रकार आहेत. दोन्हींत ‘नॉट गिव्हन’ हा तिसरा पर्याय असतो: उताऱ्यात ते सांगितलेलंच नाही.

एमपीएससीत 2013 पासून सीसॅट आला आणि उताऱ्यांवरचे असे प्रश्न मराठीत सोडवायची वेळ आली. इथे एक गोष्ट सुटते. इंग्रजीचे क्लास ‘मे’, ‘माइट’, ‘सीम्स’ यांची यादी पाठ करून घेतात, पण मराठीचं कुंपण बरंचसं सुट्या शब्दांत नसून क्रियापदात असतं. शाळेत शिकवला जाणारा विध्यर्थ आपण ‘कर्तव्य, इच्छा, योग्यता, शक्यता, तर्क’ असा घोकतो आणि परीक्षेत तोच विसरतो. ‘पाऊस पडला आहे’ ही माहिती. ‘पाऊस पडला असावा’ म्हणजे अंगण ओलं दिसलं, त्यावरून केलेला तर्क. ‘पडला असेल’ हा नुसता अंदाज, अंगण पाहायचीही गरज नाही. ‘पडला असू शकेल’ म्हणजे शक्यता नाकारत नाही, इतकंच. आणि ‘पाऊस पडला म्हणे’ म्हटलं की जबाबदारी दुसऱ्यावर गेली.

आता सरावासाठी मी रचलेला हा उतारा घ्या.

‘ठिबकमुळे द्राक्षबागेचं एकरी पाणी वाचलं, हे खरं. मात्र वाचलेल्या पाण्यावर नव्या बागा उभ्या राहिल्या असाव्यात. त्यामुळे भूजलाची पातळी उंचावली असं म्हणण्याइतका पुरावा अजून तरी दिसत नाही.’

पर्याय असे: ठिबकला विरोध, उत्साही पाठिंबा, मर्यादेसह स्वीकार, पूर्ण तटस्थता. ‘हे खरं’ या कबुलीने विरोध बाद होतो. ‘मात्र’ नंतर वाक्याचं वजन दुसऱ्या बाजूला झुकतं, म्हणून उत्साहही गेला. बरीच मुलं इथे तटस्थता निवडतात, कारण भाषा शांत आहे. पण शांत भाषा हा सूर झाला. मत त्याच्या आत आहे. ‘पुरावा दिसत नाही’ म्हणणाऱ्याने दावा तपासून नाकारला आहे, तो तटस्थ उरलेला नाही. उत्तर तिसरं.

याच उताऱ्यावर दुसरा प्रश्न येतो: ‘ठिबकमुळे बागांचं क्षेत्र वाढलं, असं लेखकाने सिद्ध केलं आहे.’ हे चूक, कारण ‘असाव्यात’ हा तर्क आहे. आणि ‘भूजल कधीच वाढणार नाही’ हेही चूक, कारण ‘अजून तरी’ने दार उघडं ठेवलं आहे. एवढंसं ‘तरी’ काढलं तरी वाक्य बरंच कडक होतं.

अडचण भाषांतरात येते. उतारा मुळात इंग्रजीत असेल, तर तिथली निव्वळ शक्यता मराठीत ‘असावा’ होऊन येऊ शकते, म्हणजे एक पायरी वर चढते. सीसॅटचे बहुतेक उतारे दोन्ही भाषांत छापलेले असतात, तेव्हा दोन पर्यायांत अडकल्यावर त्या एका वाक्यापुरता इंग्रजी मजकूर पाहून घ्यावा.

प्रथम उत्तरतालिका आली की हरकती मागवल्या जातात. इतिहासाच्या प्रश्नाला संदर्भग्रंथाचं पान जोडता येतं. दृष्टिकोनाच्या प्रश्नाला तसं पान मिळत नाही. हरकत घ्यायची तर उताऱ्यातलं ‘असाव्यात’ किंवा ‘अजून तरी’ अधोरेखित करून तेच पुढे ठेवावं लागतं.