जिप्सम घ्यायच्या आधी हे वाचा (क्षारपड आणि चोपण जमिनीसाठी)

शिरोळ, मिरज, वाळवा भागातले शेतकरी दुकानात येऊन आधी विचारतात, एकरी किती पोती टाकू? आम्ही उलट विचारतो, मातीचा रिपोर्ट कुठंय आणि रानातलं पाणी जातं कुठं. त्याशिवाय आम्ही जिप्सम देत नाही.

होतं काय, काळी भारी जमीन, वर्षानुवर्षं ऊस, पाटानं भरपूर पाणी, आणि खाली निचरा नाही. मग जमिनीतलं पाणी वर येतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार मागं राहतात. नुसता पांढरा थर आणि सामू साडेआठच्या खाली असेल तर ती क्षारपड, तिला जिप्समचा उपयोग नाही, निचरा काढून गोड्या पाण्यानं क्षार धुवायचे. पण पाण्यातला कॅल्शियम चुनखडी होऊन बसला की सोडियम मातीच्या कणांना चिकटतो, कण सुटे होतात, भोकं बुजतात. ही चोपण. पाणी साचून राहतं, वाळली की दगडासारखी ढेकळं.

घरी बघायचं असेल तर काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी घ्या (बोअरचं नको, त्यातले क्षारच माती खाली बसवतात), त्यात वाळलेलं छोटं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असेल तर सोडियमचा संशय घ्या आणि टेस्टला द्या.

जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, सुटलेला सोडियम सल्फेट होऊन पाण्यात उतरतो. तो रानाबाहेर गेलाच पाहिजे, नाहीतर सगळा खर्च वाया! म्हणून आधी चर किंवा सच्छिद्र पाईप, मग जिप्सम.

हिशोब असा. समजा रिपोर्टमध्ये मातीची कॅल्शियम-सोडियमसारखे क्षारकण धरून ठेवायची क्षमता, म्हणजे सीईसी, ५० आणि त्यात सोडियम १८ टक्के आहे, तो ८ वर आणायचाय. म्हणजे १० टक्के, ५० चे ५ एकक. वरच्या १५ सेंमी थरासाठी एका एककाला एकरी साधारण ०.७ टन शुद्ध जिप्सम, म्हणजे साडेतीन टन. माल ७० टक्के शुद्ध असेल तर ५ टन लागेल. आम्ही पहिल्या वर्षी निम्मंच टाकायला सांगतो, पुढचं परत टेस्ट करून.

मे महिन्यात बारीक पूड सगळीकडं सारखी पसरा, वरच्या १०-१५ सेंमीतच मिसळा, खोल नांगरून गाडू नका. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं, त्यामुळं वाफे बांधून पावसाचं पाणी मुरू द्या. नंतर ढैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडा. विहिरीच्या पाण्यातच सोडियम जास्त असेल तर जमीन परत चोपण होते, म्हणून मातीबरोबर पाण्याची बाटलीही घेऊन या.