गुणपत्रकावरील गुणांचे परदेशी श्रेणीत रूपांतर

परदेशी विद्यापीठात प्रवेश घेताना भारतीय गुणपत्रकावरची टक्केवारी, वर्ग किंवा सीजीपीए त्या देशाच्या श्रेणीपद्धतीत बसवून घेण्याच्या प्रक्रियेला गुणांचे रूपांतर म्हणतात. पुण्यातून जर्मनीला पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने इथे हा विषय मुख्यतः जर्मन श्रेणीच्या संदर्भात निघतो. ही नोंदही त्याच रूपांतरावर भर देते. एकाच विद्यार्थ्याची एकच कामगिरी कागदावर टक्क्यांत लिहिली की सीजीपीएत, एवढ्या फरकाने त्याचा अर्ज पात्र किंवा अपात्र ठरू शकतो, आणि बहुतेकांना हे निकाल हातात पडल्यावरच कळते.

पुण्यातली गुणपत्रके

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या जुन्या पॅटर्नमध्ये गुण आणि वर्ग छापले जात. अभियांत्रिकीत ६६ टक्क्यांना फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन, ६० ला फर्स्ट क्लास, ५५ ला हायर सेकंड क्लास, ५० ला सेकंड क्लास आणि ४० ला पास क्लास अशी उतरंड होती. दहावी-बारावीच्या राज्य मंडळाचे माप वेगळे आहे. तिथे ७५ ला विशेष प्रावीण्य, ६० ला प्रथम श्रेणी आणि ३५ ला उत्तीर्ण. एकाच मुलाच्या फायलीत त्यामुळे ‘डिस्टिंक्शन’ या शब्दाचे दोन अर्थ आणि उत्तीर्णतेच्या दोन मर्यादा असतात. परदेशातल्या तपासनिसाला हे आपोआप कळण्याचे काही कारण नाही.

नंतर आलेल्या क्रेडिट पद्धतीत प्रत्येक विषयाला श्रेणी आणि श्रेणीगुण मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या मापात ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५ आणि काठावर पास होणाऱ्या ‘पी’ला ४ गुण आहेत. विषयाचे श्रेणीगुण त्याच्या क्रेडिटने गुणायचे, सगळ्या विषयांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचे, की सीजीपीए निघतो. चार क्रेडिटचा विषय एका क्रेडिटच्या प्रॅक्टिकलपेक्षा चौपट वजनाचा, हे साधी सरासरी काढणाऱ्यांच्या हातून सुटते.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सर्व सत्रांचे विषय, गुण आणि क्रेडिट एकत्र दाखवणारा अधिकृत उतारा. संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना तो विद्यापीठाकडून घ्यावा लागतो. सीओईपीसारख्या, आता स्वतंत्र विद्यापीठ झालेल्या संस्था आपला उतारा स्वतः देतात आणि त्यांच्या मापाचा खुलासाही त्यांच्याच कागदावर असतो.

भाषांतरकाराने काय करू नये

पुण्यातली पदवीची गुणपत्रके इंग्रजीत असतात आणि जर्मन विद्यापीठे ती सहसा तशीच स्वीकारतात. भाषांतराचा प्रश्न येतो तो मराठीतल्या जुन्या दाखल्यांचा, किंवा इंग्रजी चालत नाही अशा देशासाठी कागद तयार करायचा असेल तेव्हा. त्यात एक नियम कसोशीने पाळावा: भाषांतरकाराने शब्द उतरवावेत, गुण उतरवू नयेत. ‘प्रथम वर्ग’ असेल तिथे त्या अर्थाचा सरळ शब्द लिहावा. त्या जागी परदेशातली ‘अतिउत्तम’ ही श्रेणी लिहिणे म्हणजे मूल्यमापन करणे, आणि तो अधिकार प्रवेश देणाऱ्या संस्थेचा आहे. ६६.५ टक्के हे ६६.५ टक्केच राहिले पाहिजेत. कृपागुणांच्या खुणा, एटीकेटीची नोंद, ‘पुन्हा परीक्षा’ असा शेरा हेही जसेच्या तसे यावे. मूळ कागद आणि भाषांतर शेजारी ठेवून तपासणारा माणूस पहिल्यांदा आकडेच ताडून पाहतो. तिथे तफावत दिसली की बाकीचा कागदही संशयात सापडतो.

जर्मन सूत्र

जर्मन श्रेणीत १.० सर्वोत्तम आणि ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची पायरी, म्हणजे आकडा जितका लहान तितका चांगला. परदेशी गुण या मापात आणण्यासाठी तिथे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात:

```
x = 1 + 3 × (Nmax − Nd) / (Nmax − Nmin)
```

यात `Nmax` म्हणजे मिळू शकणारे सर्वाधिक गुण, `Nmin` म्हणजे उत्तीर्ण होण्यास लागणारे किमान गुण आणि `Nd` म्हणजे विद्यार्थ्याचे गुण. तुम्ही शिखरापासून किती खाली आहात हे अंतर, शिखर ते उत्तीर्णता या पूर्ण अंतराच्या तुलनेत हे सूत्र मोजते. `Nmax` म्हणजे विद्यापीठात पहिल्या आलेल्याचे गुण, असा एक समज आपल्याकडे आढळतो. तसा अर्थ एखाद्या संस्थेने स्वतः सांगितला नसेल तर शंभरपैकी गुण असतील तिथे १०० आणि दहाचे माप असेल तिथे १० हेच घ्यायचे.

एक उदाहरण सोडवून पाहू. एका विद्यार्थिनीचे ६६.५ टक्के आहेत आणि तिच्या पदवीत ४० ला उत्तीर्ण आहे. शंभरातून ६६.५ वजा केले की ३३.५ उरतात, त्याला ६० ने भागून तीनने गुणले की १.६७५ येतात. त्यात एक मिळवला की श्रेणी २.६७५. काही संस्था याला २.७ धरतात, काही दुसरा दशांश सोडून देऊन २.६ म्हणतात.

आता हीच विद्यार्थिनी क्रेडिट पद्धतीत शिकली आणि तिचा सीजीपीए ७.४ आहे असे धरू. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्याप्रमाणे सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणले की टक्केवारी मिळते. त्या हिशोबाने ७.४ म्हणजे बरोबर ६६.५ टक्के. कामगिरी तीच आहे. पण सूत्रात १०, ४ आणि ७.४ घातले की २.६ भागिले ६ गुणिले ३ म्हणजे १.३, आणि श्रेणी २.३ येते.

अनेक जर्मन अभ्यासक्रमांची किमान अट २.५ असते. टक्केवारीच्या कागदावर ही मुलगी बाहेर, सीजीपीएच्या कागदावर आत.

असे का होते? कारण श्रेणीगुण पायरीपायरीने दिले जातात. या मापाच्या नेहमीच्या वाटणीत ७० ते ७९ गुणांपैकी काहीही मिळाले तरी श्रेणीगुण आठच. समजा, सगळ्या विषयांत ७० गुण मिळाले. टक्केवारीत शिखरापासूनचे अंतर साठापैकी तीस, म्हणजे निम्मे, आणि श्रेणी २.५. श्रेणीगुणांत तेच अंतर सहापैकी दोन, म्हणजे एक तृतीयांश, आणि श्रेणी २.०. उत्तीर्णतेशी दोन्ही मापे एकाच ठिकाणी आहेत, ४० गुणांना ४. वर मात्र श्रेणीगुण गुणांच्या पुढे धावतात. सूत्र दोन्हींना सारखेच वागवते, कारण त्याला मागची पायरी दिसत नाही.

यावरून एक व्यवहारी गोष्ट निघते. ज्यांच्या पदवीवर अंतिम निकाल सीजीपीएत आहे, त्यांनी ‘सीजीपीएचे टक्क्यांत रूपांतर’ असे पत्र सवयीने काढून जर्मनीच्या अर्जाला जोडू नये. देशातल्या नोकरीसाठी ते लागते, तिथे ते द्यावे. जर्मन संस्थेने मागितले तरीही द्यावेच, लपवण्याचा इथे प्रश्न नाही. पण मूळ निकाल एका मापात असताना स्वतःहून दुसरे माप पुढे करणे म्हणजे तपासनिसापुढे दोन आकडे ठेवणे होय. शिवाय टक्केवारीचे सूत्र विद्यापीठ आणि पॅटर्नप्रमाणे बदलते. सीबीएसईने दहावीसाठी दिलेले ९.५ ने गुणण्याचे सूत्र पदवीच्या सीजीपीएला लावलेले अर्ज सरळ चुकीचे असतात. त्या सूत्राने ७.४ चे ७०.३ टक्के होतात, आणि तो आकडा कोणत्याही अधिकृत कागदावर सापडत नाही.

उत्तीर्णतेची मर्यादा

सूत्रातला सर्वांत नाजूक आकडा `Nmin`. वरच्याच ६६.५ टक्क्यांसाठी उत्तीर्णता ३५ धरली तर श्रेणी २.५५ येते, ४० धरली तर २.६८ आणि ५० धरली तर ३.०१. बारावीची ३५ ची मर्यादा पदवीला लावून घरी हिशोब केलेल्यांना त्यामुळे खोटा दिलासा मिळतो. उलट ५० धरली गेली की चांगला अर्ज मागे पडतो.

ही मर्यादा साधारणपणे गुणपत्रकाच्या किंवा ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या बाजूला, श्रेणींच्या खुलाशात छापलेली असते. स्कॅन करताना नेमकी तीच बाजू राहून जाते, कारण पुढच्या पानावर सगळे आकडे असल्यामुळे मागे काही महत्त्वाचे असेल असे वाटत नाही. खुलासा सोबत नसेल तर तपासनीस स्वतःच्या संदर्भावरून मर्यादा ठरवतो. मागे काहीच छापलेले नसेल तर महाविद्यालयाकडून किंवा परीक्षा विभागाकडून कमाल आणि किमान गुण सांगणारे पत्र, शिक्का आणि सहीनिशी, घ्यावे. स्वायत्त महाविद्यालयांच्या बाबतीत हे विशेष पाहावे, कारण त्यांची उत्तीर्णता विद्यापीठासारखीच असेल असे गृहीत धरता येत नाही.

अनेक जर्मन विद्यापीठांच्या वतीने कागद तपासणारी `uni-assist` ही संस्था व्हीपीडी नावाचा प्राथमिक तपासणीचा दाखला देते आणि त्यावर रूपांतरित श्रेणी असते. तो हातात आल्यावर उलटा हिशोब करून पाहावा. ६६.५ टक्क्यांना २.६ किंवा २.७ छापले असेल तर ४० धरले आहेत. ३.० दिसले तर ५० धरले गेले असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी मागच्या बाजूचा खुलासा जोडून लेखी दुरुस्ती मागावी, आणि तीही विद्यापीठाची अर्जाची मुदत संपण्याआधी. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीतल्या शिक्षणासाठी भारतीय विद्यार्थ्यांना लागणारा एपीएस दाखला ही मुळात कागदपत्रांच्या खरेपणाची तपासणी आहे. व्हीपीडी आणि एपीएस यांची गल्लत करू नये.

अमेरिकेचे माप

अमेरिकेतल्या चारच्या मापासाठी टक्केवारीला २५ ने भागण्याची पद्धत पुण्यात अजून ऐकू येते. तिच्याप्रमाणे ६६.५ चे २.६६ होतात आणि ३.० च्या नेहमीच्या अटीखाली विद्यार्थी अडकतो. हे गणित चुकीचे आहे, कारण आपल्याकडे ६० ला प्रथम वर्ग मिळतो आणि तिथे मूल्यमापन करणाऱ्या संस्था एकूण टक्केवारीपेक्षा एकेका विषयाचा वर्ग पाहून तिथली श्रेणी देतात. अर्जात रूपांतर मागितले नसेल तर मूळ आकडा आणि तो कितीपैकी आहे एवढेच लिहावे: ‘७.४, दहापैकी’. रूपांतर मागितले असेल तर ते त्या विद्यापीठाने नाव दिलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावे. सल्ला केंद्रात छापून मिळणारा तक्ता त्यासाठी ग्राह्य धरला जात नाही.