आणखी किती आठवड्यांनी रात्रीचं काम उशिरा संपू लागेल?

औषधांचा ठोक व्यापार करणाऱ्या एका वितरकाचं उदाहरण घेऊ. दिवसभरात हजारो बिलं बनतात आणि डेटाबेसमध्ये साठतात. पहाटे साडेचारला गोदामात गाड्या भरायला सुरुवात होते. त्याआधी कोणत्या दुकानाला कोणतं औषध किती लागतं, याचा ताजा सारांश तयार असावा लागतो. तो रोज रात्री दोन वाजता नव्याने बनवायला घेतात. म्हणजे हाताशी अडीच तास, १५० मिनिटं.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये अशा साठवून ठेवलेल्या सारांशाला मटेरियलाइज्ड व्ह्यू म्हणतात आणि तो ताजा करण्याला रिफ्रेश. तो करताना पोस्टग्रेस फक्त आजची बिलं जुन्या सारांशात मिळवत नाही. पहिल्या बिलापासून सगळा हिशेब पुन्हा मांडतो. त्यामुळे धंदा वाढला नाही, रोज तेवढीच बिलं बनली, तरी काम दररोज थोडं लांबतं, कारण मागचा साठा वाढतच असतो. 'आम्ही काहीच बदललं नाही, मग हे हळू कसं झालं?' असं बरेचदा विचारलं जातं. काही बदललं नाही, आणि नेमकं त्यामुळेच ते हळू झालं.

काम वेळेत संपलं की त्यापुढे हिरवी खूण उमटते. ९६ मिनिटांना संपलं तरी हिरवी आणि १४९ मिनिटांना संपलं तरीही हिरवीच. म्हणून खूण पाहून भागत नाही, लागलेली वेळ नोंदवावी लागते. वेळापत्रकासाठी pg_cron वापरत असाल, तर त्याच्या एका तक्त्यात प्रत्येक वेळची सुरुवात आणि शेवट आपोआप लिहिला जातो. आठवडावार चित्र एवढ्यात मिळतं (७ हा आपल्या कामाचा क्रमांक समजा):

```sql
SELECT date_trunc('week', start_time)::date AS week,
       percentile_cont(0.5) WITHIN GROUP
         (ORDER BY end_time - start_time) AS median,
       max(end_time - start_time) AS worst
FROM cron.job_run_details
WHERE jobid = 7 AND status = 'succeeded'
GROUP BY 1 ORDER BY 1;
```

इथे सरासरी मुद्दाम घेतलेली नाही. एखाद्या रात्री बॅकअप लांबला आणि काम ४० मिनिटं जास्त चाललं, तर त्या एका रात्रीने आठवड्याची सरासरी फुगते. सात रात्री चढत्या क्रमाने मांडून मधली घेतली, म्हणजे मध्यक काढला, तर असा धक्का त्यात दिसत नाही. फसलेल्या रात्रीही गाळल्या आहेत, कारण दुसऱ्याच मिनिटाला बंद पडलेलं काम नोंदीत फार जलद दिसतं. यशस्वी रात्रींमध्येही एखादी अचानक फारच लवकर संपलेली दिसली, तर आनंद मानू नये. बहुतेक वेळा त्या दिवशीची बिलं पूर्ण पोचलेली नसतात.

आता आकडे घालून पाहू. पहिल्या आठवड्याचा मध्यक ९६ मिनिटं आणि आठव्या आठवड्याचा १०७. मधल्या सात आठवड्यांत ११ मिनिटं वाढली, म्हणजे आठवड्याला साधारण दीड मिनिट. १५० मधून १०७ गेले, ४३ उरले. त्यांना दीडने भागलं की २८ आठवडे हाताशी आहेत असं वाटतं.

पण गाड्या मध्यकावर निघत नाहीत, त्या रोजच निघतात. महिन्याच्या पहिल्या रात्री त्याच मशीनवर मासिक हिशेबाची कामंही चालतात आणि त्या रात्री हा रिफ्रेश १२६ मिनिटं घेतो. शिल्लक मोजायची ती या सर्वात वाईट रात्रीपासून: २४ मिनिटं, म्हणजे १६ आठवडे. चढ मध्यकावरून मोजावा आणि शिल्लक वाईट रात्रीवरून. माझ्या मते लक्ष ठेवायला हा 'उरलेले आठवडे' आकडाच सर्वात उपयोगी आहे. दुरुस्ती सुचून, तपासून, मंजूर होऊन प्रत्यक्षात यायला तुमच्याकडे सहा आठवडे लागत असतील, तर इशारा आठ आठवडे उरलेले असतानाच वाजायला हवा. '१४० मिनिटं ओलांडली की कळवा' असा नियम ठेवला, तर पुढे किती दिवस हाताशी आहेत हे त्यातून कळत नाही.

हा हिशेब एक गोष्ट गृहीत धरतो: चढ असाच सरळ राहील. नेहमी तसं होत नाही. समजा, नवव्या आठवड्यात मध्यक एकदम १३१ वर गेला. बिलं त्याच गतीने वाढताहेत, मग एका आठवड्यात २४ मिनिटं कुठून आली? वाईट रात्रीचे १६ आठवडे पुरतील असं वाटत होतं, ते एका उडीत संपले.

अशा उडीमागे अनेकदा मेमरी असते. दुकान आणि औषध अशा प्रत्येक जोडीची बेरीज करताना पोस्टग्रेस त्या जोड्या मेमरीत धरून ठेवतो. अशा एकेका क्रियेला किती मेमरी द्यायची, हे work_mem या सेटिंगवरून ठरतं. जोड्या तेवढ्यात मावतात तोवर काम झपाट्याने होतं. वाढता वाढता त्या मावेनाशा झाल्या, की उरलेला माल डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलींत लिहून पुन्हा वाचावा लागतो. ही मर्यादा आठवड्याभरात ओलांडली जाते, म्हणून आलेखात चढाऐवजी पायरी दिसते. खात्री करायला log_temp_files हे सेटिंग शून्यावर ठेवावं. मग प्रत्येक तात्पुरत्या फाइलीची आकारासह नोंद लॉगमध्ये येते. उडीच्या आसपासच त्या मोठ्या व्हायला लागल्या असतील, तर चोर सापडला. त्या कामापुरती मेमरी वाढवली की वेळ पुन्हा ११० च्या आत येऊ शकते. सगळ्या सर्व्हरची मात्र वाढवू नये. ही मर्यादा एकेका क्रियेची असते, त्यामुळे दिवसा अनेकजण एकाच वेळी काम करताना तीच मेमरी कित्येक पटींनी खर्च होते.

मध्यक स्थिर आहे, पण रात्रीरात्रींमधला फरक वाढत चालला आहे, असंही होतं. तेव्हा काम हळू झालेलं नसून वाट पाहत असण्याची शक्यता असते. साधा रिफ्रेश सुरू होताना त्या सारांशावर पूर्ण ताबा मागतो. कोणी रात्री त्याच सारांशावर मोठा अहवाल चालू ठेवून गेलं असेल, तर तो संपेपर्यंत रिफ्रेश दारातच उभा राहतो आणि ती वाटही त्याच्या वेळेत मोजली जाते. log_lock_waits चालू ठेवलं की अशी ताटकळ लॉगमध्ये दिसते. इथे मेमरी वाढवून काहीही होणार नाही.

पायरी दूर केली तरी मूळ चढ राहतोच, कारण पूर्ण इतिहास रोज मोजला जातो. त्यावर खरा उपाय म्हणजे बंद झालेल्या महिन्यांचा सारांश एकदाच काढून साध्या तक्त्यात ठेवायचा आणि रोज फक्त चालू व मागचा महिना मोजायचा. बिलात दुरुस्ती किंवा परतीचा माल मागच्या महिन्याच्याही आधीचा निघाला, तर तो महिना हाताने पुन्हा मोजावा लागतो. ही तडजोड हिशेबवाल्यांना विचारूनच करावी, आणि त्याला वेळ लागतो. इशारा आठवडे आधी हवा तो यासाठीच.

हे सगळं जुन्या नोंदींवर उभं आहे. pg_cron आपला तक्ता स्वतःहून साफ करत नाही, त्यामुळे तो फुगू नये म्हणून सात दिवसांपूर्वीच्या ओळी रोज पुसणारं एक काम बरेचजण लावून ठेवतात. त्यात चढ दाखवणारा इतिहासच जातो. पुसण्याआधी तारीख, लागलेली वेळ आणि त्या रात्रीची मूळ बिलांची संख्या एका वेगळ्या तक्त्यात उतरवून ठेवावी. रोजची एकच ओळ, वर्षाला ३६५. बिलांची संख्या हवी, कारण वेळ बिलांच्याच प्रमाणात वाढते आहे की त्याहून वेगाने, हे मिनिटांच्या आकड्यावरून एकट्याने ओळखता येत नाही.