ताओबाओच्या चॅटबॉटमधून खऱ्या माणसापर्यंत कसे पोहोचायचे: पात्रता, कागदपत्रे आणि क्रम

चीनमध्ये शिकायला किंवा कामाला गेलेल्या मराठी माणसाचा ताओबाओ या ऑनलाइन खरेदीच्या चिनी ॲपशी संबंध पहिल्या आठवड्यातच येतो. गादी, बादली, पाणी तापवायची किटली, सगळे तिथूनच मागवले जाते. वस्तू नीट आली तर चिनी येत नसली तरी अडत नाही. ती फुटकी आली की मात्र चॅटमध्ये एक यंत्र समोर येते. ते तुम्हाला गोडीने 亲 म्हणते (चिनी दुकानदार गिऱ्हाइकाला असेच संबोधतात) आणि चार बटणे दाखवते. त्यातले कुठलेही दाबले तरी तयार उत्तर मिळते. या बटणांतून माणसापर्यंत जायची वाट आहे, आणि चिनी येत नसतानाही ती सापडते. (भारतात राहणाऱ्यांना हे लागू नाही. अलीएक्स्प्रेससह अनेक चिनी ॲपवर नोव्हेंबर 2020 मध्ये आपल्याकडे बंदी आली.)

आधी हे समजून घ्या: माणसे दोन ठिकाणी बसतात

बहुतेक जण इथेच चुकतात. ताओबाओ हा बाजार आहे, दुकान नव्हे. तुम्ही किटली घेतली ती त्या बाजारातल्या एका विक्रेत्याकडून. त्यामुळे एक माणूस दुकानाचा असतो आणि दुसरा बाजाराचा, म्हणजे ताओबाओचा. दोघांच्याही पुढे एकेक चॅटबॉट उभा असतो.

दुकानाच्या माणसाला पैसे परत करण्याचा किंवा नवीन वस्तू पाठवण्याचा अधिकार असतो. दुकानदार ऐकत नसेल तेव्हा निवाडा करण्याचा अधिकार ताओबाओच्या माणसाकडे असतो. पण दुकानाकडे रीतसर अर्ज केलेला नसेल, तर त्याच्यापाशी निवाडा करायला काही नसते. अशा वेळी अर्धा तास खटपट करून तुम्ही त्याच्यापर्यंत पोहोचलात तरी तो नम्रपणे सांगतो, आधी अर्ज करा. म्हणून क्रम असा ठेवा: दुकानाचा माणूस, मग अर्ज, मग ताओबाओचा माणूस.

पात्रता

ज्या खात्यावरून ऑर्डर दिली, त्याच खात्यातून बोलावे लागते. नवीन विद्यार्थी बरेचदा वर्गमित्राच्या किंवा सीनियरच्या खात्यावरून मागवतात. तशी ऑर्डर तुमच्या फोनमध्ये दिसतच नाही, त्यामुळे सगळे बोलणे त्या मित्रालाच करावे लागेल. पैसेही ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने, म्हणजे मित्राच्याच खात्यात, परत येतील.

दुसरी अट मुदतीची. चीनच्या ग्राहक हक्क संरक्षण कायद्याचे 25 वे कलम 15 मार्च 2014 पासून लागू आहे. त्यानुसार ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून 7 दिवसांत कारण न देता परत करता येते. खास तुमच्यासाठी बनवलेली वस्तू, नाशवंत माल, डाउनलोड केलेले किंवा वेष्टन फोडलेले सॉफ्टवेअर आणि वर्तमानपत्रे-मासिके यांना ही सवलत नाही. विनाकारण परत करताना टपालखर्च तुमचा असतो. वस्तू सदोष असेल तर तो विक्रेत्याने द्यायचा. हा फरक अर्ज भरताना उपयोगी पडतो.

आणखी एक घड्याळ ऑर्डरच्या पानावरच चालू असते. ठरावीक दिवसांनी ‘माल मिळाला’ अशी नोंद आपोआप होते आणि विक्रेत्याला पैसे पोहोचतात. पार्सल वाटेत अडकले असेल तर 延长收货 हे बटण दाबून ती मुदत वाढवून घ्या.

कागदपत्रे

चॅटसाठी पासपोर्ट किंवा व्हिसा कोणी मागत नाही. लागते ते एवढेच: ऑर्डर क्रमांक (订单编号, ऑर्डरच्या पानावर असतो), कुरिअरचा क्रमांक (运单号) आणि दोषाचे दोन-तीन फोटो. एका फोटोत खोक्यावरचे लेबल आणि फुटलेली वस्तू एकत्र दिसायला हवी. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तर तो सर्वांत भक्कम पुरावा, कारण “तुमच्याकडूनच फुटले” या उत्तराला तोच पुरतो. काच, चिनीमाती किंवा विजेची वस्तू उघडताना फोन टेकवून रेकॉर्डिंग लावायची सवय ठेवा.

दुकानाच्या माणसापर्यंत

समजा, 89 युआनची किटली आली आणि झाकणाला तडा आहे. ऑर्डर उघडा आणि तिथूनच विक्रेत्याशी चॅट सुरू करा. दुकानाच्या मुखपृष्ठावरून चॅट उघडली तर कोणत्या ऑर्डरबद्दल बोलताय हे समोरच्याला कळत नाही आणि पहिली पाच मिनिटे त्यातच जातात.

चॅटबॉट नमस्कार करून प्रश्नांची यादी देईल: माल कधी पाठवणार, कुठे पोहोचला, परत कसा करायचा. ती सोडून द्या. तुमची अडचण लांबलचक वाक्यात लिहूही नका. चॅटबॉट वाक्यातला ओळखीचा शब्द पकडतो. 物流, म्हणजे मालवाहतूक, हा शब्द दिसला की पार्सलचा ठावठिकाणा देतो. 退款, म्हणजे परतावा, दिसला की परताव्याचे नियम. तुम्ही जितके समजावून सांगाल तितके त्याला पकडायला शब्द मिळतात. फक्त तीन अक्षरे पाठवा:

```
转人工
```

अर्थ: माणसाकडे वळवा. चिनी कीबोर्डवर पिनयिन, म्हणजे उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत, निवडून `zhuanrengong` टाइप केले की ही अक्षरे वर सुचवली जातात. फोनमध्ये ती एकदा जपून ठेवली की पुढच्या वेळी नुसती चिकटवायची.

बहुतेकदा चॅटबॉट लगेच सोडत नाही. ‘आधी प्रश्न निवडा’ किंवा ‘ऑर्डर निवडा’ असे कार्ड येते. ऑर्डर निवडून द्या, ती पुढे माणसालाही दिसते. मग तयार उत्तर आले आणि खाली ‘सुटले’ आणि ‘सुटले नाही’ अशी दोन बटणे असली, तर 未解决, म्हणजे ‘सुटले नाही’, दाबा आणि तीच तीन अक्षरे पुन्हा पाठवा. 排队 हा शब्द आकड्यासह दिसला तर तुम्ही रांगेत आहात आणि वाट बरोबर आहे. त्या वेळी चॅट बंद करून पुन्हा उघडू नका, रांगेतला नंबर जाऊ शकतो.

माणूस आला हे कसे ओळखायचे? चॅटबॉटचे उत्तर क्षणात येते आणि त्यात बटणे असतात. माणसाला वेळ लागतो, तो छोटे वाक्य लिहितो आणि तुमच्या फोटोबद्दल काहीतरी विचारतो. शंका असेल तर तडा नेमका कुठे आहे हे सांगा आणि फोटो दिसला का, असे विचारा. पुन्हा नियमावलीच आली तर अजून यंत्रच बोलते आहे.

वेळही पाहा. छोट्या दुकानांत रात्री फक्त चॅटबॉट असतो. चिनी नववर्षाच्या सुट्टीत बरीच दुकानेच बंद असतात आणि 11 नोव्हेंबरच्या महाखरेदीच्या दिवसांत रांग फार लांबते. अशा वेळी माणसाची वाट पाहत बसू नका, थेट पुढच्या पायरीवर जा.

माणूस आला की मोजके लिहा. हा मजकूर पुरतो:

```
您好,收到的水壶盖子裂了,照片已发。
我申请退货退款,运费请卖家承担。
```

म्हणजे: नमस्कार, आलेल्या किटलीच्या झाकणाला तडा आहे, फोटो पाठवला आहे; वस्तू परत करून पैसे मागतो आहे, टपालखर्च विक्रेत्याने द्यावा.

अर्ज

विक्रेता हो म्हणाला तरी अर्ज करायचाच. ऑर्डरच्या पानावर 申请售后 किंवा 退款 असे बटण असते. पुढे 仅退款 (फक्त पैसे परत) आणि 退货退款 (वस्तू परत, पैसे परत) असे पर्याय येतात. किटलीसाठी दुसरा निवडा. कारणाच्या यादीत ‘आवडली नाही’ या अर्थाचे कारण निवडू नका, कारण मग टपालखर्च तुमच्यावर येतो. 质量问题 म्हणजे गुणवत्तेचा दोष, किंवा फुटून आल्याचे कारण निवडा आणि फोटो जोडा. विक्रेत्याने किती वेळात उत्तर द्यायचे हे अर्जावरच उलटे मोजताना दिसते.

इथे दोन गोष्टींपासून जपा. विक्रेता म्हणतो, “अर्ज मागे घ्या, मी पैसे थेट पाठवतो.” अर्ज मागे घेऊ नका. तो मागे घेतला की तुमच्या हातात फक्त शब्द उरतो, आणि मुदत संपली तर नवा अर्जही करता येत नाही. दुसरे, तो वीचॅटवर बोलायला बोलावतो. जाऊ नका. वाद झाला तर ताओबाओचा माणूस ताओबाओवरचे संभाषणच पाहू शकतो.

ताओबाओच्या माणसापर्यंत

विक्रेत्याने अर्ज नाकारला तर अर्जाच्या पानावर बाजाराला मध्ये बोलावण्याचे बटण येते, त्यात 介入 ही दोन अक्षरे असतात. निवाडा करणाऱ्या माणसाकडे जायची खरी वाट हीच, कारण इथे तुमचा अर्ज, फोटो आणि विक्रेत्याचे उत्तर एकाच ठिकाणी त्याच्यासमोर असते. नकारानंतर तुम्ही काहीच केले नाही आणि घड्याळ संपले तर अर्ज आपोआप बंद होतो, म्हणून नकार दिसला की त्याच दिवशी ते बटण दाबा. पुरावा मागितला (举证) तर व्हिडिओ तिथे चढवा.

हे बटण दिसत नसेल किंवा अर्ज रखडला असेल, तर ॲपमध्ये 我的淘宝 या पानावरून 官方客服, म्हणजे अधिकृत ग्राहकसेवा, उघडा. इथलाही चॅटबॉट तसाच आहे: ऑर्डर निवडा, 转人工 लिहा, ‘सुटले नाही’ दाबा.

ग्राहकसेवेचा फोन नंबर इंटरनेटवर शोधू नका. खोटे ग्राहकसेवक परताव्याच्या नावाखाली फोन करतात आणि स्क्रीन शेअर करायला लावून खाते रिकामे करतात. परतावा पैसे भरलेल्या मार्गानेच येतो. त्यासाठी कोड, पासवर्ड किंवा स्क्रीन दाखवायची गरज कधीच नसते. चीनमध्ये 96110 वरून फोन आला तर तो उचला, फसवणुकीपासून सावध करणारा पोलिसांचा क्रमांक तो आहे.

तरीही माणूस मिळाला नाही तर

1 जानेवारी 2019 पासून लागू असलेल्या ई-कॉमर्स कायद्याच्या 59 व्या कलमानुसार तक्रारीची सोपी आणि परिणामकारक सोय ठेवणे विक्रेत्यावर आणि बाजारावर बंधनकारक आहे. ती मिळत नसेल तर सरकारी बाजार-नियामकाकडे 12315 वर फोन करून किंवा त्यांच्या संकेतस्थळावर तक्रार करता येते. तिथे मात्र तुमचे नाव, फोन, पत्ता, विक्रेत्याचे नाव-पत्ता आणि नेमकी मागणी द्यावी लागते. विक्रेत्याचा परवाना (营业执照) दुकानाच्या माहितीच्या पानावर असतो. तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या 7 दिवसांत ती दाखल करून घेतली की नाही हे कळवले जाते. फोनवर चिनी भाषा लागते. ती जमत नसेल तर चिनी येणाऱ्या मित्राला शेजारी बसवून संकेतस्थळावरचा फॉर्म भरा आणि नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहा.

चॅट संपताना ‘प्रश्न सुटला का’ असे विचारणारे कार्ड येते. पैसे खात्यात जमा झालेले प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय 已解决, म्हणजे ‘सुटला’, दाबू नका, आणि तोपर्यंत तडा गेलेली किटली, खोके आणि कुरिअरची पावती टाकून देऊ नका.