सिलिॲक रोग

गहू, बार्ली व राय यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला होणारा दीर्घकालीन रोग. तो ॲलर्जी नव्हे. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटल्याने होतो. वारंवार पातळ जुलाब, वजन घटणे व पोट फुगणे ही त्याची परिचित लक्षणे होत.

कॅपाडोशियाच्या अरेटिअस या ग्रीक वैद्याने अशा रुग्णांचे वर्णन केले होते. त्याचा काळ इ.स.चे पहिले की दुसरे शतक, यावर एकमत नाही. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी 1888 मध्ये मुलांमधील रोगाचे आधुनिक वर्णन केले. गव्हाशी संबंध जोडण्याचे श्रेय डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना जाते. नेदरलँड्समधील 1944-45 च्या हिवाळ्यातील दुष्काळात पाव मिळेनासा झाला, मुले सुधारली आणि त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. मात्र गहू वगळलेल्या आहाराबद्दल त्यांनी 1941 मध्येच लिहिले होते. त्यामुळे दुष्काळाने कल्पनेला पुष्टी दिली, एवढेच म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते.

ग्लुटेनमधील ग्लायडिनचे काही तुकडे पाचकरसांनी पुरते तुटत नाहीत. ते अस्तराखाली पोचतात. पेशींमधल्या फटींतून की पेशींमधूनच, हा वाद मिटलेला नाही. तेथे ऊती-ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर त्यांतील ग्लुटामिनचे ग्लुटामिक आम्ल करते. असे बदललेले तुकडे एचएलए-डीक्यू2 किंवा डीक्यू8 या, प्रतिकारयंत्रणेला परके तुकडे दाखवणाऱ्या रेणूंना घट्ट चिकटतात आणि टी-पेशी या प्रतिकारपेशी चेतवल्या जातात. अस्तरात घुसलेल्या लसिकापेशी मग तेथील पेशी मारू लागतात. अन्न शोषणारे अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे म्हणजे रसांकुर झिजून सपाट होतात, त्यांच्या तळाचे खळगे म्हणजे गर्तिका लांबतात.

लक्षणांचा उलगडा येथेच होतो. दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज रसांकुरांच्या वरच्या पेशींत असते, ते लवकर नाहीसे होते. न पचलेली साखर पाणी ओढून घेते व मोठ्या आतड्यातील जीवाणू तिचा वायू करतात; म्हणून दोष पुष्कळदा दुधावर जातो. स्निग्धांश न शोषल्याने मल फिकट, तेलकट व दुर्गंधी होतो, वजन उतरते. लोह आतड्याच्या आरंभीच्या भागात शोषले जाते आणि इजाही तेथेच सर्वाधिक असते. त्यामुळे जुलाब नसलेल्या एखाद्या रुग्णात गोळ्यांनीही न हटणारा पांडुरोग हीच एकमेव खूण असू शकते.

निदानासाठी रक्तातील ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए या वर्गाची प्रतिपिंडे पाहतात. सोबत एकूण आयजीए मोजावे लागते, कारण ते मुळातच कमी असल्यास चाचणी फसते. प्रौढांत लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातून म्हणजे ग्रहणीतून दुर्बिणीने अस्तराचे अनेक नमुने घेऊन खात्री करतात. इजा ठिगळांसारखी विखुरलेली असते, एक नमुना पुरत नाही. नेहमीची अडचण वेगळीच असते. त्रास थांबावा म्हणून रुग्ण आपणहून गहू सोडतो, वर्षभराने चाचणी करतो. तोवर प्रतिपिंडे ओसरलेली आणि रसांकुर बरेचसे भरून आलेले असतात, अहवाल निर्दोष येतो. अशा वेळी वैद्यकीय देखरेखीखाली काही आठवडे पुन्हा ग्लुटेन घेऊन तपासणी करतात. जनुकीय चाचणीचा उपयोग मुख्यतः रोग नाकारण्यापुरता, कारण हे एचएलए प्रकार निरोगी लोकांतही सर्रास आढळतात.

ग्लुटेन आयुष्यभर पूर्णपणे वर्ज्य करणे हाच उपचार. जुलाब काही आठवड्यांत थांबले, तरी प्रौढांत अस्तर भरून यायला कित्येकदा वर्षे लागतात.