कट मारताना जोर कुठल्या पायाचा?

‘पळताना डावीकडे कट मारायचा, म्हणजे झटकन दिशा बदलायची, तर जोर डाव्या पायानेच द्यायचा ना?’

नाही, साइडस्टेपमध्ये उजव्या. तो शरीराच्या बाहेर, उजवीकडे टेकतो आणि जमिनीला उजवीकडे रेटतो. जमीन तुम्हाला डावीकडे ढकलते. डावा पाय पुढचं पाऊल टाकतो. वळण काटकोनी असेल तर वेग आदल्या पावलातच कमी करा.

खरी गडबड धडाची. हुलकावणीच्या नादात खांदे उजव्या पायावर झुकले, की गुडघा आत कोसळतो आणि आतल्या लिगामेंटवर ताण येतो. धड सरळ किंवा किंचित डावीकडे हवं. समोरून मोबाइलवर चित्रण करा: पाय टेकताना छातीचा मध्य पडद्यावर गुडघ्याच्या उजवीकडे दिसला पाहिजे, म्हणजे तुमच्या डावीकडे, नव्या दिशेला. मोकळ्या मातीच्या मैदानावर मात्र पाय फार लांब टाकू नका, घसरतो.