गोठणं कुणाचं, विरोध कुणाचा? लेविनच्या तीन पायऱ्यांची पार्श्वभूमी

व्यवस्थापनाच्या परीक्षेत एक प्रश्न दरवर्षी वेश बदलून येतो. एखाद्या कंपनीत नवी पद्धत आणली जाते, कामगार कुरकुरतात, उत्पादन घसरतं आणि 'लेविनच्या प्रतिमानाच्या आधारे बदलाला होणारा विरोध कसा हाताळाल?' असं विचारलं जातं. उत्तरंही ठरलेली असतात. आधी वितळवा, मग बदला, मग पुन्हा गोठवा. विरोधाची कारणं म्हणून भीती, सवय, अज्ञान आणि नोकरीची असुरक्षितता. ही उत्तरं चुकीची नाहीत. पण हे प्रतिमान जिथून आलं त्या कारखान्यात आणि त्या स्वयंपाकघरांत थोडं डोकावलं, तर 'विरोध' या शब्दाचा अर्थच वेगळा दिसायला लागतो. माझ्या मते तो अर्थ कळल्याशिवाय या प्रश्नाचं चांगलं उत्तर लिहिता येत नाही.

कुर्ट लेविन हा 1890 साली तेव्हाच्या प्रशियातल्या मोगिल्नो गावी जन्मलेला ज्यू मानसशास्त्रज्ञ. नाझी सत्तेवर आल्यावर 1933 मध्ये त्याने जर्मनी सोडली आणि पुढचं सगळं काम अमेरिकेत केलं. दुसऱ्या महायुद्धात तो आयोवा विद्यापीठात होता. त्या काळात अमेरिकेत मांसाची टंचाई होती आणि लोकांनी हृदय, मूत्रपिंड असे एरवी टाकून दिले जाणारे भाग खावेत असा सरकारचा प्रयत्न होता. त्यासाठी नेमलेल्या अन्नसवयींच्या समितीत मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड काम करत होती. तिच्या सोबतीने लेविनने एक प्रयोग केला.

रेडक्रॉसच्या स्वयंसेविका गृहिणींचे सहा गट होते, प्रत्येकी 13 ते 17 जणींचे. तीन गटांना व्याख्यान दिलं गेलं: जीवनसत्त्वं, युद्धाची गरज, खर्चाची बचत, वर छापील पाककृती. उरलेल्या तीन गटांत 'आपल्यासारख्या गृहिणींना हे घरी करता येईल का' यावर चर्चा झाली. नवरा तोंड वाकडं करेल, शिजताना वास येतो, अशा अडचणी बायकांनीच मांडल्या. शेवटी पुढच्या आठवड्यात हे करून बघायला कोण तयार आहे असं विचारून हात वर करायला सांगितलं. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी 3 टक्के, तर चर्चा करून ठरवलेल्यांपैकी 32 टक्के जणींनी त्यातला एखादा पदार्थ घरी केलेला होता.

यावर आक्षेप घेता येतो. चर्चेच्या गटांना नंतर चौकशी होणार हे आधीच माहीत होतं, व्याख्यानाच्या गटांना नव्हतं. पुढे 1955 मध्ये एडिथ बेनेट हिने हे घटक सुटे करून तपासले. परिणाम करते ती चर्चा नव्हे, असं तिला आढळलं. प्रत्येकाने निर्णय घेणं आणि 'बाकीचेही तयार आहेत' हे त्याला दिसणं, या दोन गोष्टींचा परिणाम होता. हात वर करणं म्हणूनच किरकोळ नव्हतं. शेजारणीचाही हात वर गेलेला प्रत्येकीला दिसत होता.

इथूनच लेविनला मूळ कल्पना सुचली. माणसाची सवय एकट्याने टिकत नाही. ती गटाच्या रूढीला, 'आपल्यात असं करतात' याला, बांधलेली असते. एकट्याला समजावून बदललं तर तो गटापासून दूर ओढला जातो आणि गट त्याला परत खेचतो. गटाची रूढीच हलली, तर तोच ओढा नव्या बाजूने काम करू लागतो. 1947 मध्ये 'ह्यूमन रिलेशन्स' या नव्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात त्याने हे मांडलं. गटाच्या वागण्याची पातळी त्याने वाहत्या नदीसारखी मानली: वरून स्थिर दिसते, पण आत विरुद्ध दिशांच्या शक्ती एकमेकींना तोलून धरत असतात. ती पातळी उचलायचे दोन मार्ग आहेत. पुढे ढकलणारी शक्ती वाढवावी, म्हणजे दटावणी, बक्षीस, घोषणा. किंवा मागे ओढणारी शक्ती कमी करावी. पहिल्या मार्गाने पातळी वाढते, पण सोबत ताणही वाढतो. दुसऱ्या मार्गाने ताण उतरतो.

तीन पायऱ्या याच लेखात येतात, तेही अगदी थोडक्यात. सुधारणा होते आणि थोड्याच दिवसांत सगळं पूर्ववत होतं, हे लेविनने वारंवार पाहिलं होतं. म्हणून त्याने लिहिलं की नुसती नवी पातळी गाठणं पुरेसं नाही, ती टिकवणंही बदलाच्या योजनेतच असायला हवं. वितळवणं, हलवणं आणि नव्या पातळीवर गोठवणं, अशा त्या तीन बाबी. 'पुन्हा गोठवणं' हा आजचा रूढ शब्द त्याचा नाही, तो नंतरच्यांचा आहे. फेब्रुवारी 1947 मध्ये लेविन वारला, अवघ्या 56 व्या वर्षी. पाठ्यपुस्तकांतली तीन चौकटी आणि दोन बाणांची आकृती त्याने काढलेली नाही.

आता कारखान्याकडे. व्हर्जिनियातल्या मेरियन गावात हारवुड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. कामगार बहुतेक तरुण मुली, सरासरी वय 23. मालकांपैकी आल्फ्रेड मॅरो हा स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि लेविनचा मित्र. मजुरी नगावर होती आणि तासाला 60 नग हे प्रमाण मानलं जाई. फॅशन बदलली, किंमत बदलली की कामाची पद्धत बदले, आणि तिथे घोडं अडे. आधी 60 गाठणाऱ्या कामगारांना नवीन काम दिलं तर त्यांपैकी फक्त 38 टक्के पुन्हा 60 वर येत. बाकीचे कायम खाली राहत किंवा नोकरी सोडत. अगदी नवखी मुलगी शिकते त्याहून अनुभवी मुलीला पुन्हा शिकायला जास्त वेळ लागे. जुन्या सवयीचे हात आड येतात म्हणावं, तर तपासात चुकीच्या हालचाली फारशा सापडल्या नाहीत. बदलीच्या काळात उत्पन्न घटू नये म्हणून कंपनी भत्ताही देत होती. म्हणजे अडचण कौशल्याचीही नव्हती आणि केवळ पैशाचीही नव्हती.

लेस्टर कॉच हा कारखान्याचा कर्मचारी व्यवस्थापक आणि जॉन फ्रेंच हा लेविनच्या गटातला मानसशास्त्रज्ञ. त्यांनी पुढचा बदल चार गटांत वेगवेगळ्या रीतीने आणला. पहिल्या गटात हाताने इस्त्री करणाऱ्या 18 मुली होत्या. बदल क्षुल्लक होता: तयार कपड्यांची अर्ध्या डझनाची चवड सपाट पुठ्ठ्यावर रचायच्या ऐवजी खोक्यात रचायची. त्यांची सभा घेतली, स्पर्धेमुळे बदल का हवा ते सांगितलं, नवा दर समजावला आणि प्रश्नांची उत्तरं दिली. आजही अनेक कंपन्यांत 'संवाद' म्हणतात तो एवढाच असतो. दुसऱ्या गटात घड्या घालणाऱ्या 13 जणींनी प्रतिनिधी निवडले आणि नवी पद्धत व दर ठरवताना ते प्रतिनिधी सोबत होते. तिसऱ्या व चौथ्या गटांत तपासणी करणाऱ्या 8 आणि 7 मुली होत्या. तिथे सगळ्याच जणी सहभागी झाल्या.

सहभागाच्या गटांत सुरुवात भाषणाने झाली नाही. समोर दोन सारखेच दिसणारे कपडे ठेवले आणि स्वस्त कोणता ते ओळखा म्हणून सांगितलं. एक दुसऱ्याच्या दुप्पट किमतीला विकला जात होता. कुणालाच ओळखता येईना. खर्च का कमी करायला हवा ते डोळ्यांनीच दिसलं. वितळवणं म्हणजे प्रत्यक्षात काय, हे विचारलं तर मी या दोन कपड्यांकडे बोट दाखवीन. मग कामातली अनावश्यक हालचाल कुठे आहे हे त्या स्वतःच सुचवू लागल्या.

पहिल्या गटाचं उत्पादन घसरलं ते जवळपास 50 वरच अडकलं. पर्यवेक्षकाशी भांडणं झाली, नव्या दराविरुद्ध तक्रार गेली. तपासल्यावर दर उलट थोडा सैलच, म्हणजे कामगारांच्या सोयीचाच निघाला. 40 दिवसांत 17 टक्के जणींनी नोकरी सोडली. प्रतिनिधींचा गट 14 दिवसांत 61 वर आला. सगळ्या सहभागी असलेले दोन गट दुसऱ्याच दिवशी जुन्या पातळीवर पोचले आणि पुढे तिच्याहून बरेच वर गेले. सहभागाच्या कुठल्याच गटात त्या 40 दिवसांत कुणी नोकरी सोडली नाही. आणि सगळ्यात बोलका भाग पुढे आहे. पहिल्या गटातल्या उरलेल्या 13 जणींना अडीच महिन्यांनी पुन्हा एकत्र आणून, या वेळी पूर्ण सहभागाने, नवं काम दिलं. त्यांचाही वेग झपाट्याने वर गेला. मुली त्याच होत्या. स्वभावातला हट्ट हे कारण असतं, तर असं झालं नसतं.

गटाची रूढी किती जड असते ते याच कारखान्यातल्या आणखी एका मुलीवरून दिसतं. ती इस्त्रीच्या गटात नवी आली आणि इतरांच्या पुढे जाऊ लागली. बाकीच्या जणींनी तिला छळायला सुरुवात केली आणि तिचा वेग गटाच्या पातळीपर्यंत उतरला. काही दिवसांनी बाकीच्यांची दुसरीकडे बदली झाली आणि ती एकटीच उरली. थोड्याच दिवसांत तिने तासाला 90 चा आकडा ओलांडला.

कॉच-फ्रेंच यांचा लेख 1948 मध्ये 'ह्यूमन रिलेशन्स'मध्येच आला. त्यातला 'विरोध' हा अशा शक्तींच्या मांडणीतला होता. तो एका माणसाच्या डोक्यात नव्हता, गट आणि परिस्थितीत होता. मग हा अर्थ हळूहळू सरकला. विरोध म्हणजे कामगाराच्या मनातली भीती, आणि व्यवस्थापन म्हणजे ती भीती दूर करणारं. 1999 मध्ये डेंट आणि गोल्डबर्ग या अभ्यासकांनी हा सरकलेला अर्थ दाखवून दिला. तीन पायऱ्यांचंही तसंच झालं. मानसशास्त्रज्ञ एडगर शाइनने 1961 मध्ये चिनी कम्युनिस्टांच्या कैदेत राहिलेल्या अमेरिकन नागरिकांच्या मतपरिवर्तनाचा अभ्यास करताना त्या वापरल्या आणि तिसऱ्या पायरीला 'पुन्हा गोठवणं' हे नाव रुळलं. मूळच्या गटाऐवजी आता एकट्या माणसाच्या मनाच्या अवस्था समोर आल्या. पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्या त्यानंतरच्या. 2016 मध्ये कमिंग्ज, ब्रिजमन आणि ब्राउन यांनी मूळ लेखाशी ताडून हे सारं मांडलं.

म्हणून प्रश्नात 'कामगार बदलाला विरोध करतात' असं वाचलं की आधी विचारावं: जुनी पातळी कोणती शक्ती तोलून धरते आहे? वेतनाची रीत की आपसातला अलिखित कोटा? आणि बदल ठरवताना त्यांचं म्हणणं नुसतं ऐकलं, की कामाची पद्धत आणि दर यांत ते खरोखर उतरलं? हारवुडमध्ये दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गटाच्या पद्धतीत ते उतरलं होतं.

सहभाग म्हणजे रामबाण नव्हे, हेही पुढे कळलं. फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतल्या एका पादत्राण कारखान्यात असाच प्रयोग केला. 1960 साली आलेल्या त्यांच्या लेखात उत्पादनात फरक आढळला नाही. ज्या बाबींत कामगारांना सहभागी केलं त्या फार महत्त्वाच्या नव्हत्या, आणि उत्पादन एका मर्यादेत ठेवण्याची गटाची रूढी पक्की होती.

आपल्याकडचं उदाहरण 1953 चं, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या अहमदाबादचं. लंडनच्या ताविस्टॉक या समाजविज्ञान संशोधन संस्थेचे केनेथ राइस तिथल्या कॅलिको या कापड गिरणीत आले. स्वयंचलित मागांच्या एका शेडमध्ये प्रत्येक कामगाराचं काम सुटं पाडलेलं होतं. राइस यांनी मागांचा एक संच एका छोट्या गटाकडे सोपवायची कल्पना मांडली. गट कसे पडावेत आणि आपण कुठे जावं हे कामगारांनीच ठरवलं. कार्यक्षमता वाढली आणि खराब होणारं कापड कमी झालं. सतरा वर्षांनी, 1970 मध्ये, राइस यांचे सहकारी एरिक मिलर परत गेले. एका शेडमध्ये ती गटपद्धत जवळपास जशीच्या तशी टिकलेली होती. दुसरीकडे, बाजारपेठ बदलली आणि कामाच्या मागण्याही बदलल्या तिथे ती हळूहळू विरघळून गेली होती.